स्लॅबच्या आदल्या दिवसाचं काम: निवृत्त अभियंत्याने बिल्डर असोसिएशनला पत्र कसं लिहावं

बांधकाम खातं, पाटबंधारे, जीवन प्राधिकरण किंवा एखाद्या कंपनीच्या सिव्हिल विभागातून निवृत्त झालेले बरेच जण वर्षभरात असं एक पत्र लिहितात. दोन पानी बायोडाटा, वर पाच ओळी, शेवटी ‘माझ्या अनुभवाचा आपल्या संस्थेस उपयोग करून घ्यावा ही विनंती’. सचिव ते वाचतात, चांगला माणूस दिसतोय म्हणतात आणि फाईलला लावतात. त्यात त्यांची चूक नसते. असोसिएशनकडे स्वतःची एकही साईट नसते, साईट सभासदांकडे असतात. त्यामुळे ‘मला काम द्या’ या विनंतीवर सचिवांना करण्यासारखं काही नसतं.

असोसिएशनला तीन गोष्टी करता येतात. तुमचं पत्र सभासदांना पाठवता येतं, मासिक बैठकीत पंधरा मिनिटं देता येतात आणि तयार असलेल्या एखाद्या सभासदाशी गाठ घालून देता येते. पत्रात मागायचं ते एवढंच. बाकीचं पत्र या तीन गोष्टी करणं सचिवांना सोपं जावं म्हणून लिहायचं.

उदाहरणासाठी आपण सातारा, सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावातली नेहमीची इमारत धरू: खाली पार्किंग, वर चार मजले, सुमारे १०,००० चौरस फूट बांधकाम. आर्किटेक्ट गावातला, आरसीसी कन्सल्टंट पुण्याचा. साईटवर एक तरुण डिप्लोमा इंजिनिअर असतो, पण त्याचा अर्धा दिवस सिमेंटच्या गाड्या आणि हजेरीपत्रकात जातो. कन्सल्टंट फुटिंगला येतो, पहिल्या स्लॅबला येतो, पुढे फोटोंवर भागवतो. मोकळी जागा इथे आहे, आणि तुमचं पत्र नेमकं तिच्याबद्दल बोललं पाहिजे.

लिहायला बसण्याआधी

सरकारी नोकरीतून आला असाल तर निवृत्तीनंतर खाजगी काम करायला ठराविक काळ परवानगी लागते का, हे आपल्या निवृत्तिवेतन नियमांत आणि जुन्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत विचारून घ्या. नगररचना किंवा पालिकेच्या बांधकाम परवानगी शाखेत काम केलं असेल तर ज्या प्रकल्पांच्या फायली तुमच्या टेबलावरून गेल्या, ते प्रकल्प घेऊ नका आणि तसं पत्रात लिहून टाका. गावात ही गोष्ट कोणी ना कोणी काढतोच. आपण आधी सांगितलेली बरी.

दुसरं, परवान्याचं. पालिकेत सादर होणाऱ्या कागदांवर परवानाधारक अभियंता, नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांच्या सह्या लागतात. तुमच्याकडे तसा परवाना असेल तरी या कामात ती सही द्यायची नाही. तुम्ही तपासणारे आहात, जबाबदार डिझायनर पुण्यात बसलेला आहे. ही रेघ पुसट झाली की पुढे एखादा स्लॅब गळला तरी तुमचं नाव निघतं.

काय द्यायचं ते आवळून ठरवा

‘साईट तपासणी व ड्रॉइंग तपासणी’ हे शब्द फार मोठे आहेत. बिल्डरला त्यातून कळत नाही की तुम्ही कधी येणार, किती वेळ थांबणार आणि हातात काय देऊन जाणार. माझं मत असं, की पहिल्या वर्षी दोनच कामं द्यावीत. एक, काम सुरू होण्याआधी आर्किटेक्टची आणि आरसीसीची ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून विसंगती काढून देणं. दोन, प्रत्येक भरणीच्या आदल्या दिवशी सळई आणि सेंट्रिंग तपासणं.

आदल्या दिवशीच का, तर भरणीच्या सकाळी काँक्रीटची गाडी गेटवर उभी असते, पंपाचं भाडं चालू असतं, मजूर जमलेले असतात. तेव्हा तुम्ही चार रिंगा कमी आहेत म्हणालात तर सगळे तुमच्याकडे शत्रूसारखे बघतात आणि चार रिंगा तशाच राहतात. आदल्या दिवशी सकाळी सांगितलं तर फिटर दुपारपर्यंत त्या घालतो. म्हणून पत्रातच लिहा की ४८ तास आधी कळवावं लागेल.

ड्रॉइंग तपासणी कशी दिसते ते दाखवा

पत्रासोबत एक पानी नमुना अहवाल जोडा. बायोडाटापेक्षा तो जास्त बोलतो. त्यात एखाद्या खऱ्या प्रकल्पाचं नाव नको; स्वतः बनवलेलं उदाहरण चालेल, पण आकडे जुळले पाहिजेत, कारण वाचणारे त्याच धंद्यातले असतात. मी शौचालयाच्या सन्क स्लॅबचं उदाहरण सुचवेन, कारण ही गफलत सारखी आढळते.

आर्किटेक्टच्या प्लॅनवर टॉयलेटला ३०० मिमी सन्क लिहिलेलं असतं. आरसीसी ड्रॉइंगमध्ये तिथली स्लॅब १२५ मिमी जाडीची आणि टॉयलेट व बेडरूममधला बीम ३८० मिमी खोल दिसतो. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही कागद बरोबर आहेत. आता बेरीज करा: स्लॅबचा वरचा पृष्ठभाग बीमच्या माथ्यापासून ३०० खाली, त्यात १२५ जाडी मिळवली की स्लॅबचा तळ ४२५ वर गेला. बीम संपतो ३८० वर. म्हणजे स्लॅब बीमच्या तळाखाली ४५ मिमी लोंबतो आणि त्याच्या खालच्या सळया बीमच्या सळयांच्या वर टेकण्याऐवजी खालून जातात. साईटवर हे सेंट्रिंग बांधताना कळतं. मग मुकादम आपल्या मनाने सन्क कमी करतो किंवा बीमला खाली काँक्रीटची पट्टी चिकटवतो. सन्क कमी झाला की ट्रॅप आणि पाइपला उतार उरत नाही, आणि दोन वर्षांनी खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते.

अहवालात हे तीन ओळींत लिहायचं: कोणता शीट, कोणता बीम, किती मिमीचा फरक. पुढे प्रश्न म्हणून विचारायचं, ‘बीम ४५० करायचा की सन्क २०० वर आणायचा?’ उत्तर तुम्ही द्यायचं नाही. हवं तर एवढं जोडा की मजल्याची उंची २,९०० असल्याने ४५० च्या बीमखाली २,४५० राहतात, दरवाजाला अडचण नाही. निर्णय कन्सल्टंटचा आणि बदललेलं ड्रॉइंगही त्याच्याच सहीने आलेलं. अशा प्रश्नांची यादी बिल्डरमार्फत जाते, तुम्ही परस्पर पुण्याला फोन करत नाही.

याच बैठकीत जिन्याखालची डोक्यावरची उंची, डक्टमधून जाणारे बीम आणि लिफ्टच्या खड्ड्याची खोली एवढं पाहिलं तरी पहिल्या फेरीला पुरतं. डिझाइनची गणितं पुन्हा करायला जाऊ नका. ते वेगळं काम आहे, त्याचे पैसे आणि जबाबदारी दोन्ही वेगळे.

साईटवरचं एक उदाहरण: बाल्कनी

नमुना अहवालाच्या खालच्या अर्ध्यात साईटवरची एक नोंद ठेवा. बाल्कनीचा कॅन्टिलिव्हर त्यासाठी उत्तम, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही आणि आकड्यात लगेच दिसते.

भिंतीबाहेर १.२ मीटर गेलेली १२५ मिमीची बाल्कनी स्लॅब घ्या. तिची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण ओढ वर बसते. २० मिमी कव्हर आणि १० मिमीची सळई धरली तर तळापासून सळईच्या मध्यापर्यंत १२५ वजा २० वजा ५, म्हणजे १०० मिमी खोली मिळते. आता भरणीच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून चालतात, खाली चेअर कमी असतात, आणि जाळी ४० मिमी खाली दबते. काँक्रीट ओतलं की वरून सगळं सारखंच दिसतं. पण आता खोली उरली ६० मिमी. सळई तीच असल्याने स्लॅबची वाकणं सोसण्याची ताकद ढोबळमानाने या खोलीच्या प्रमाणात असते, म्हणजे ती ६० टक्क्यांवर आली. सळईचा एक किलोही कमी झालेला नाही, बिलात पूर्ण वजन आहे, आणि बाल्कनी जवळपास निम्म्यावर आलेली आहे.

तपासताना काय करायचं? जाळीवर उभं राहून बघा, ती लचकते का. लचकत असेल तर चेअर अपुरे आहेत. सेंट्रिंगपासून वरच्या सळईच्या माथ्यापर्यंत टेप लावा. इथे १०५ यायला हवेत. मग सळई आत किती गेली आहे ते बघा. बाहेर जेवढी आहे तिच्या निदान दीडपट आतल्या स्लॅबमध्ये जावी असा रिवाज आहे, म्हणजे इथे १.८ मीटर, ड्रॉइंगमध्ये जास्त असेल तर ड्रॉइंग खरं. भरणीच्या दिवशी चालायला फळ्या टाका असं अहवालात लिहा. टेके काढण्याबद्दलही एक ओळ हवी: कॅन्टिलिव्हरचे टेके बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे काढत यायचं. उलट काढले तर टोकाचा टेका राहिलेला असताना स्लॅब वेगळ्याच तऱ्हेने वाकते, आणि त्यासाठी तिच्यात खाली सळई दिलेली नसते.

बाकीच्या तपासणीत कॉलमच्या रिंगांचे हूक मी आधी बघतो. आयएस १३९२० प्रमाणे हूक १३५ अंशात वळलेला आणि पुढे निदान ६५ मिमी शेपूट असलेला हवा. फिटरला ९० अंश सोपे पडतात, कारण रिंग पटकन बसते. कव्हर ब्लॉक कॉलमला ४० मिमीचे आणि फुटिंगला ५० चे आहेत का, की सगळीकडे एकच माप लावलंय, हेही तिथेच कळतं. कोकण किनाऱ्यावर काम करणार असाल तर कव्हरचे आकडे आयएस ४५६ च्या तक्त्यातून नव्याने घ्या. खाऱ्या हवेत स्लॅबलाही २० मिमी चालत नाही.

पैसे: बिल्डरच्या भाषेत सांगा

बिल्डर दर चौरस फुटात विचार करतो, तुम्ही भेटीत विचार करता. दोन्ही आकडे द्या. आपल्या इमारतीला फुटिंगसाठी दोन भेटी, प्लिंथ बीमला एक, पाच स्लॅबना प्रत्येकी दोन (एक तपासणीची, एक दुरुस्ती पाहण्याची) आणि वरच्या टाकीला एक, अशा १४ भेटी होतात. कॉलमच्या सळया त्या त्या स्लॅबच्या भेटीत बघून होतात. भेटीचे २,५०० रुपये धरले तर ३५,०००, ड्रॉइंग तपासणीचे १२,०००, एकूण ४७,०००. दहा हजार चौरस फुटांवर ते फुटाला ४ रुपये ७० पैसे पडतात. बांधकामाचा खर्च फुटाला २,००० धरला तर हा पाव टक्काही नाही. हे दर केवळ उदाहरणाचे आहेत, आपल्या गावात काय चालतं ते विचारून ठरवा. फुकट मात्र करू नका. फुकटच्या अहवालाला साईटवर कोणी भीक घालत नाही.

बिलातून टीडीएस कापला गेला, तर तो विवरणपत्रात मिळवून घ्यायचा असतो. पेन्शनमध्ये हे उत्पन्न मिळवल्यावर कर किती होतो ते सीएला एकदा विचारा.

बिल्डरच्या मनातल्या तीन शंका

या शंका बैठकीत कोणी बोलून दाखवणार नाही, म्हणून पत्रात त्यांची उत्तरं असावी लागतात.

पहिली शंका: हा निवृत्त साहेब उद्या पालिकेत तक्रार करेल का? अहवाल फक्त मालकाला जाईल हे स्पष्ट लिहा. पण त्यालाच मर्यादाही लिहा: जीवाला धोका दिसला तर लेखी कळवणार, आणि तरीही भरणी झाली तर त्या साईटचं काम तिथेच सोडणार. हे वाक्य वाचून जो बिल्डर मागे हटेल, त्याची साईट तुम्हाला नकोच आहे.

दुसरी: एका सभासदाची ड्रॉइंग दुसऱ्याला दिसतील का? एका गावात सगळेच एकमेकांचे स्पर्धक असतात. कागद काम संपल्यावर परत, बैठकीत कोणत्याही साईटचं उदाहरण नाही.

तिसरी शंका कन्सल्टंटशी भांडण होण्याची. ती प्रश्नांच्या यादीच्या पद्धतीने मिटते. साईटवर सळई बदलायला सांगायची नाही, फिटरला रागवायचं नाही, जे काही आहे ते कागदावर.

बिल्डरच्या फायद्याची एक गोष्ट पत्रात येऊ द्या. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर विकासकाला तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. प्रत्येक भरणीआधीची तारीखवार नोंद आणि फोटो हाताशी असले तर पाच वर्षांनी वाद निघाल्यावर बोलायला काही असतं. एकच वाक्य पुरे. कायद्याची भीती घातल्यासारखं वाटलं तर पत्र उलटं पडतं.

पत्राचा मसुदा

दिनांक: ………

प्रति,
मा. अध्यक्ष / मा. सचिव,
……… बिल्डर्स असोसिएशन, ………

विषय: सभासदांच्या प्रकल्पांसाठी ड्रॉइंग तपासणी व भरणीपूर्व साईट तपासणी, अर्धवेळ तत्त्वावर.

मा. महोदय,

मी ……… विभागातून उपअभियंता या पदावरून निवृत्त झालो असून सध्या ……… येथे राहतो. सेवाकाळात आरसीसी इमारती व पाण्याच्या टाक्यांच्या कामांवर प्रत्यक्ष देखरेख केली आहे. आपल्या सभासदांसाठी पुढील दोन कामे करण्याची माझी तयारी आहे.

१. आर्किटेक्ट व आरसीसी कन्सल्टंट यांची ड्रॉइंग ताडून पाहून विसंगतींची लेखी यादी देणे. पाच मजल्यांपर्यंतच्या इमारतीसाठी सर्व शीट मिळाल्यापासून सात दिवसांत.

२. फुटिंग, प्लिंथ व प्रत्येक स्लॅबच्या भरणीच्या आदल्या दिवशी सळई, कव्हर, सेंट्रिंग व टेके तपासून त्याच दिवशी फोटोंसह एक पानी अहवाल देणे.

डिझाइन तपासणे, डिझाइनमध्ये बदल सुचवणे किंवा पालिका व महारेरासाठी प्रमाणपत्र देणे यांचा या कामात समावेश नाही. ती जबाबदारी नियुक्त कन्सल्टंट व अभियंता यांचीच राहील. माझे सर्व प्रश्न सभासदामार्फत त्यांच्याकडे जातील.

अहवाल फक्त संबंधित सभासदास दिला जाईल व त्यांची ड्रॉइंग इतर कोणासही दाखवली जाणार नाहीत. जीवितास धोका संभवेल अशी बाब आढळल्यास ती त्याच दिवशी लेखी कळवून भरणी थांबवण्याची शिफारस करीन. तिची दखल न घेता भरणी झाल्यास त्या प्रकल्पाचे काम मला पुढे करता येणार नाही.

भरणीआधीच्या तारीखवार नोंदी ताबा दिल्यानंतरच्या दोषदायित्व काळातही सभासदांना उपयोगी पडतील.

वेळ: मंगळवार, गुरुवार व शनिवार, सकाळी ८ ते १. शहरापासून २० किलोमीटरपर्यंत. ४८ तास आधी सूचना मिळावी. रात्रीच्या भरणीस उपस्थित राहणे मला शक्य होणार नाही.

सेवेत असताना ज्या खाजगी प्रकल्पांशी माझा कार्यालयीन संबंध आला, असे प्रकल्प मी स्वीकारणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, हे पत्र सभासदांकडे पाठवावे, पुढील मासिक बैठकीत सोबतचा नमुना अहवाल समजावून सांगण्यासाठी पंधरा मिनिटे द्यावीत आणि एखाद्या सभासदाच्या एका स्लॅबवर हे काम सशुल्क करून पाहण्याची संधी मिळावी. दरपत्रक सोबत जोडले आहे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाईल)

सोबत: १. नमुना अहवाल, १ पान. २. दरपत्रक, १ पान. ३. शिक्षण व अनुभव, १ पान.

पत्र दिल्यावर

पत्र ईमेलने पाठवा, पण छापील प्रत स्वतः जाऊन सचिवांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. असोसिएशनचं कार्यालय बऱ्याच गावांत सचिवांच्या स्वतःच्याच ऑफिसात असतं. तिथे चहा होईल, तेव्हा बैठकीची तारीख विचारा. आठ दिवसांनी एक फोन करा, त्याहून जास्त नाही.

बैठकीत पंधरा मिनिटं मिळाली तर तुमच्या नोकरीचा इतिहास सांगू नका. बाल्कनीचं १०० आणि ६० चं गणित फळ्यावर मांडा आणि बसा. प्रश्न आपोआप येतात, आणि पहिला प्रश्न बहुधा ‘तुमची सही चालेल का?’ हाच असतो. उत्तर पत्रातलंच: सही अहवालावर असेल, प्रमाणपत्रावर नाही.

पहिली साईट मिळाल्यावर तोंडी ठरवून काम सुरू करू नका. त्या सभासदाकडून दोन ओळींचं नियुक्तिपत्र घ्या: कोणता प्रकल्प, कोणती दोन कामं, भेटीचा दर, बिल किती दिवसांत मिळणार. नियुक्तिपत्र द्यायला टाळाटाळ होत असेल तर बिलालाही होईल. त्या प्रकल्पाच्या आरसीसी कन्सल्टंटला बिल्डरकडून एक फोन करवून घ्या की असे गृहस्थ आदल्या दिवशी बघायला येणार आहेत. हा फोन झाला नाही तर तुमची पहिली यादी पुण्यात पोचते तेव्हा कन्सल्टंटला ती आपल्यावरची तक्रार वाटते, आणि तो उत्तरच देत नाही. झाला असेल, तर बरेच कन्सल्टंट उलट तुम्हाला फोन करून विचारतात, बी-७ च्या सळया नीट बसल्या का.